रात्रीच्या जेवणाचा हिशेब संध्याकाळी साडेपाचला

आहारसल्ल्यासाठी येणाऱ्या नोकरदारांची तक्रार बहुतेक वेळा रात्रीच्या जेवणाची असते. "दिवसभर मी काहीच खात नाही हो, रात्रीच काय होतं कळत नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता रात्री काय जेवलात हे मी आधी विचारतच नाही. दुपारचं जेवण किती वाजता होतं, डब्यात काय असतं आणि संध्याकाळी ऑफिस सोडताना पोटात काय असतं, हे तीन प्रश्न आधी विचारते. रात्री नऊच्या ताटात जे घडतं, ते बरंचसं इथेच ठरलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीत राहणारे आणि दक्षिण मुंबईत हिशेब विभागात काम करणारे पंचेचाळिशीचे एक गृहस्थ. सकाळी आठला पोहे आणि चहा. एक वाजता डबा: दोन पोळ्या आणि भेंडी किंवा फ्लॉवरची भाजी. चार वाजता टपरीवर दोन कटिंग आणि चार ग्लुकोज बिस्किटं. साडेसहाला ऑफिस सुटतं, लोकलची गर्दी, घरी पोहोचेपर्यंत सव्वाआठ. जेवण नऊला. मधल्या पाऊण तासात ते हातपाय धुऊन ओट्याजवळ येऊन उभे राहतात आणि फरसाणाचा डबा उघडतात. "अहो, दहा मिनिटं थांबा, पोळ्या होतातच आहेत," असं बायको म्हणेपर्यंत दोन मुठी पोटात गेलेल्या असतात. मग जेवण, आणि तेही पोटभर: तीन पोळ्या, भाजी, दोनदा आमटीभात.

या दिनक्रमात 'काहीच खात नाही' हे खरं नाही, पण त्यांना तसं वाटतं यात चूकही नाही. कारण एकपासून नऊपर्यंतच्या आठ तासांत त्यांच्या पोटाला धरून ठेवेल असं काही मिळालेलंच नसतं.

आधी डब्याकडे बघू, कारण सुरुवात तिथे होते. घरी जेवताना आपण पोळी-भाजीसोबत वरण, आमटी किंवा उसळ खातो. ऑफिसच्या डब्यातून आमटी गळते म्हणून ती जात नाही. उरते पोळी-भाजी. दोन पोळ्यांतून साधारण सात ग्रॅम प्रथिनं मिळतात, भाजीतून दोन-तीन. म्हणजे दिवसाच्या मुख्य जेवणात जेमतेम दहा ग्रॅम. प्रथिनांमुळे पोट भरल्याची जाणीव जास्त वेळ टिकते. ती जेवणात कमी असली की साडेतीन-चारलाच काहीतरी चघळावंसं वाटू लागतं. म्हणून मधल्या वेळच्या खाण्याचा विचार करण्याआधी आठवड्यातून तीन-चार दिवस तरी डब्यात कोरडी उसळ, पिठलं, सुकी डाळ किंवा अंड्याची भुर्जी जाईल एवढं बघा. डबाच रिकामा असेल तर संध्याकाळच्या खाण्यावर सगळा भार पडतो.

आता पोटात काय होतं ते. भूक लागल्याची खबर मेंदूला देणाऱ्या गोष्टींमध्ये घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक आहे. ते मुख्यतः जठरात तयार होतं, जेवणाआधी वाढतं आणि खाल्ल्यावर उतरतं. उलट बाजूने, जठराच्या भिंती ताणल्या गेल्या की मज्जातंतूंमार्फत 'पुरे' असा निरोप जातो, आणि अन्न आतड्यात पोहोचलं की तिथून निघणारी दुसरी संप्रेरकं तो निरोप पक्का करतात. या निरोपाला वेळ लागतो, साधारण पंधरा-वीस मिनिटं. सव्वाआठला उपाशी घरी आलेला माणूस पंधरा मिनिटांत फरसाण आणि दोन पोळ्या संपवतो, तेव्हा निरोप अजून वाटेतच असतो. मग तिसरी पोळी भुकेसाठी घेतली जात नाही, ती वेगामुळे घेतली जाते.

पण मग चारच्या चहा-बिस्किटांनी काहीच केलं नाही का? त्यांचा हिशेब मांडून बघू. दोन कटिंग, प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि चार बिस्किटं. सगळं मिळून साधारण २४० कॅलरी. प्रथिनं चार ग्रॅमच्या आसपास, तंतू जवळजवळ शून्य. यातला बराच भाग साखर, मैदा आणि पाणी. हे जठरातून भराभर पुढे सरकतं. सहा वाजता त्याचा मागमूस राहत नाही. चहाने भूक थोडा वेळ दबते, म्हणून ऑफिस सोडताना माणसाला आपण ठीक आहोत असं वाटतं. खरी भूक त्याला गाडीत गाठते, जिथे खायला काही नसतं.

त्याच गृहस्थांना मी जे सुचवलं ते असं. चारला चहा घ्या, पण एकच, एक चमचा साखरेचा, आणि सोबत काही नको. साडेपाचला, कामाच्या जागेवरून उठून, अर्धी वाटी फुटाणे म्हणजे साधारण ४० ग्रॅम, आणि एक मध्यम पेरू. वर ग्लासभर पाणी. चहा धरून हे सगळं पावणेतीनशे कॅलरींच्या आसपास जातं. म्हणजे आधीच्यापेक्षा किंचित जास्तच. पण प्रथिनं अकरा ग्रॅमच्या जवळ पोहोचतात आणि तंतू दहा ग्रॅमच्या वर. फुटाणे चावायला वेळ लागतो, पेरूत पाणी आणि तंतू दोन्ही असल्याने तो पोटात जागा घेतो, आणि दोन्ही मिळून जठरातून हळू बाहेर पडतात.

सारख्या कॅलरींच्या दोन पदार्थांनी पोट सारखं भरत नाही, हे केवळ घरगुती निरीक्षण नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये ३८ पदार्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरींचा, आणि तो खाल्ल्यावर दोन तास भूक किती वाटते याची नोंद. सगळ्यांत वर आला उकडलेला बटाटा आणि सगळ्यांत खाली लोण्याने ओथंबलेला क्रोसाँ नावाचा पाव. दोघांमध्ये जवळजवळ सातपटींचा फरक होता. एकंदरीत पाणी, तंतू आणि प्रथिनं ज्यात जास्त ते पदार्थ वर आले, आणि तुपकट, हलके, भुसभुशीत पदार्थ खाली. आपल्याकडची खारी, बिस्किटं आणि शेव कुठे बसतील याचा अंदाज त्यावरून करता येतो.

वेळ साडेपाचचीच का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. वेळ फार महत्त्वाची आहे, पदार्थाइतकीच. अशा प्रकारचं छोटं, घट्ट खाणं साधारण दोन-तीन तास पोटाला आधार देतं. चारला खाल्लं तर सातला आधार संपतो आणि तुम्ही त्या वेळी ठाण्याच्या अलीकडे उभे असता. साडेपाच ते सहाच्या दरम्यान खाल्लं तर घरी पोहोचेपर्यंत तो टिकतो. म्हणून नियम घड्याळाचा धरू नका, तुमच्या जेवणापासून मागे मोजा. रात्री नऊला जेवत असाल तर तीन-साडेतीन तास आधी. साडेसातला जेवणाऱ्यांनी मात्र साडेपाचला एवढं खाल्लं तर जेवायची इच्छाच राहणार नाही. त्यांना चारच्या सुमाराला एक फळ पुरतं.

चहा आणि खाणं वेगळं करण्याचं आणखी एक कारण आहे. चहातल्या टॅनिनसारख्या घटकांमुळे कडधान्यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय किती आहे हे सांगायला नको. चण्यातलं लोह मिळायला हवं असेल तर चहा आणि फुटाणे यांत तासाभराचं अंतर ठेवा. पेरूतल्या क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण वाढतं, त्यामुळे ही जोडी तशीही चांगली जमते.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. मधल्या वेळी काही खाल्लं की रात्रीचं जेवण आपोआप कमी होतं, असं नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, दुपारच्या जेवणानंतर भूक नसतानाच लोकांना मधलं खाणं दिलं. त्याने रात्रीच्या जेवणाचं प्रमाण कमी झालं नाही. प्रथिनं जास्त असलेल्या खाण्याने जेवणाची वेळ थोडी पुढे ढकलली गेली एवढंच. याचा आपल्यापुरता अर्थ असा: भूक नसताना खाल्लेले फुटाणे ही निव्वळ भर आहे. आणि भूक असताना खाल्लेल्या फुटाण्यांचाही फायदा तेव्हाच मिळतो, जेव्हा रात्री वाढून घेताना तुम्ही ताट बदलता. सवयीने तीनच पोळ्या वाढल्या गेल्या तर त्या तीनच खाल्ल्या जातात.

म्हणून त्या गृहस्थांना पहिल्या दोन आठवड्यांसाठी मी दुसरी गोष्ट सांगितली, ती घरात शिरल्यानंतरची. फरसाणाचा डबा ओट्यावरून हलवायचा. आल्यावर पाणी किंवा पातळ ताक. भूक असेलच तर काकडी-गाजर-मुळ्याच्या फोडी, त्याही बसून. ताटात आधी कोशिंबीर आणि वाटीभर आमटी, मग दोन पोळ्या, आणि भात एकदाच. तिसऱ्या पोळीसाठी दहा मिनिटं थांबायचं. त्यानंतरही ती हवीशी वाटली तर खुशाल घ्यायची.

याने काय वाचतं तेही मोजू. दोन मुठी फरसाण म्हणजे साधारण ५० ग्रॅम, त्यात २७० कॅलरींच्या आसपास. एक पोळी तेल-तुपासह शंभर-सव्वाशे. भाताची दुसरी वाढ म्हणजे वाटीभर भात, १३०च्या जवळपास. मिळून पाचशे कॅलरी. संध्याकाळी आपण वाढवल्या जेमतेम तीस-पस्तीस. त्यांच्या बाबतीत आधी सुटलं ते फरसाण. तिसऱ्या पोळीची सवय जायला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला, आणि तसंच होतं बहुतेकांचं.

सकाळच्या मधल्या खाण्याबद्दल मी इतकी आग्रही नाही. अकरा वाजता खाल्लेल्याचा रात्रीच्या जेवणाशी थेट संबंध कमी असतो. त्याचं काम दुपारच्या जेवणापर्यंत पोहोचवण्याचं आहे. आठला पोहे किंवा उपमा खाऊन एकला जेवणाऱ्याला मध्ये वाटीभर ताक किंवा एखादं फळ पुरतं, पुष्कळांना तेही लागत नाही. गरज असते ती पहाटेची गाडी पकडणाऱ्यांना, जे सहाला चहा-टोस्टवर बाहेर पडतात आणि एकपर्यंत सात तास काढतात. त्यांनी साडेनऊ-दहाला नीट काहीतरी खावं: एक उकडलेलं अंडं आणि केळं, किंवा रात्री भिजवलेले मूठभर शेंगदाणे, किंवा थालीपिठाचा तुकडा दह्यासोबत. असं न केल्यास एकच्या डब्यावर तुटून पडणं होतं, तीनला सुस्ती येते, सुस्तीवर गोड चहा येतो आणि संध्याकाळ पुन्हा त्याच वळणावर जाते.

अकरा वाजता भूक लागलीय की कामाचा कंटाळा आलाय, हे ओळखायची एक साधी खूण आहे. समोर नुसते फुटाणे किंवा पेरू आहे असं मनात आणा. ते खावंसं वाटलं तर भूक आहे. फक्त क्रीमचं बिस्किट किंवा कुणाच्या तरी वाढदिवसाचा केकच हवा असेल, तर उठून दोन मजले फिरून या.

फुटाणे रोज कोण खाणार, हेही खरंच. बदल करायला हरकत नाही, फक्त प्रथिनं आठ-दहा ग्रॅम आणि सोबत फळ किंवा भाजी, एवढा सांगाडा ठेवा. दोन भाग फुटाणे आणि एक भाग भाजलेले शेंगदाणे हे मिश्रण चवीला चांगलं लागतं. नुसते शेंगदाणे घेतले तर सांभाळून, कारण ३० ग्रॅममध्येच १७० कॅलरी असतात आणि हात थांबत नाही. चुरमुरे भरपूर दिसतात पण एकटे तासाभरात विरतात. त्यात कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू आणि अर्धी मूठ फुटाणे-दाणे घातले की भेळ कामाची होते. मखाणे आणि भाजके पापड यांचंही तसंच: मूठभर मखाण्यांत प्रथिनं एक-दोन ग्रॅमच असतात, त्यामुळे ते सोबतीला चालतात, एकटे पुरत नाहीत. पाकिटावर 'बेक्ड' लिहिलेला चिवडा किंवा ओट्सच्या वड्या घेताना मागच्या तक्त्यात साखर आणि प्रथिनांचे आकडे बघा. प्रथिनं तीन ग्रॅम आणि साखर बारा ग्रॅम असेल तर ते बिस्किटच आहे. फळांचा रस तर मी मोजतच नाही. फळ चावून खाल्लं तरच त्यातले तंतू कामी येतात.

मोड आलेली मटकी आणि मूग उत्तम, पण मुंबईच्या हवेत सकाळी सातला भरलेली मटकी संध्याकाळी साडेपाचला बुळबुळीत होते आणि आंबूस वास येतो. तशी दिसली की चव न बघता टाकून द्या. ऑफिसात फ्रीज असेल तरच मोड, अंडी आणि दही न्या. मोड वाफवून, मीठ-लिंबू आयत्या वेळी घालून. फ्रीज नसेल तर कोरडा माल न्या आणि फळ तिकडेच विकत घ्या. स्टेशनबाहेर पेरू, पपई, चिकू, हंगामात बोरं आणि आवळे मिळतात. कापून ठेवलेल्या फळांपेक्षा अख्खं फळ घ्या, धुऊन खा.

साठवणीत एक चूक फार होते. खणात अर्ध्या किलोची पिशवी ठेवली जाते आणि मेल वाचता वाचता हात आत-बाहेर करत राहतो. पडद्याकडे बघत खाल्लेलं लक्षात राहत नाही, आणि न आठवणारं खाणं पुढच्या जेवणात जमेस धरलं जात नाही. रविवारी पाच छोट्या डब्या भरून ठेवा, एका दिवसाला एक. पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४० ग्रॅम तोलून बघा. आपली वाटी किती मोठी आहे हे तेव्हा कळतं. मग डबी घेऊन पाच मिनिटं जागेवरून उठा.

प्रमाण बरोबर बसलंय का, हे वजनकाट्यापेक्षा रात्री नऊला कळतं. जेवायला बसताना भूक असायला हवी, पण ताट वाढून होईपर्यंत थांबता यायला हवं. घरी आल्यावर हात अजूनही डब्याकडे जात असेल तर संध्याकाळचं खाणं कमी पडतंय किंवा फार लवकर होतंय. नऊला जेवावंसंच वाटत नसेल तर ते जास्त झालंय, अर्ध्यावर आणा. आणि सकाळी उठल्यावर भूक लागू लागली तर रात्रीचं जेवण हलकं झाल्याची ती चांगली खूण आहे.

काही लोकांनी हे असंच्या असं करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाण्याच्या वेळा आणि रात्रीचं जेवण डॉक्टरांना विचारूनच बदलावं, कारण साखर अचानक खाली जाण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना प्रथिनं आणि फळं दोन्ही मोजून दिलेली असतात. ज्यांना चण्याने वायू धरतो त्यांनी वीस ग्रॅमपासून सुरुवात करावी, सालं काढून खावेत, नाहीतर वाफवलेले मूग घ्यावेत. आणि रात्री पाच तासांवर झोप मिळत नसेल, तर भूक त्यानेही वाढते. तिथे फुटाणे फार मदत करणार नाहीत, आधी झोपेचं बघावं लागेल.

दोन आठवडे करून बघा. उद्या डबा भरताना शेजारी एक छोटी डबी ठेवा, तिच्यात ४० ग्रॅम फुटाणे भरा, वाटेत एक पेरू घ्या आणि फोनवर साडेपाचचा गजर लावा. रात्री पहिली पोळी वाढण्याआधी आमटीची वाटी संपवा. एवढ्याने फरसाणाचा डबा बंद राहिला नाही, तर दुपारचा डबा उघडून बघा: त्यात उसळ नसेल.